सदोष डिझाइनचा लवाद-दावा: दाव्याच्या निवेदनाचा सारांश कसा लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा स्ट्रक्चरल इंजिनीअर. आता बांधकामाच्या वादांत दाव्याची कागदपत्रं लावून देण्याचं काम करतो. गोदामाचे मालक, छोटे बिल्डर, सोसायट्यांचे सचिव आणि नव्याने लवादात उतरलेले वकील जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी चर्चा भारतातल्या लवादाची, म्हणजे १९९६च्या लवाद व सलोखा कायद्याखालची आहे. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच रचलेलं उदाहरण वापरलं आहे. मराठवाड्यात काळ्या मातीवर बांधलेल्या एका भाड्याच्या गोदामाची फरशी उचलली गेली आणि मालकाने डिझाइन सल्लागारावर दावा लावला.

१. सारांश कायद्याने लागतो का? मूळ निवेदन असताना तो वेगळा कशाला?

कायद्यात 'सारांश' असा शब्द नाही. कलम २३(१) एवढंच सांगतं की दावेदाराने दाव्याला आधार देणारी तथ्यं, वादाचे मुद्दे आणि मागितलेली दाद मांडावी. हे तिन्ही मूळ निवेदनात येतंच. पण डिझाइनच्या वादात मूळ निवेदन साठ-सत्तर पानांचं होतं, सोबत ड्रॉइंग, माती अहवाल आणि बिलं मिळून चार-पाच फायली. लवाद बहुधा निवृत्त न्यायाधीश किंवा ज्येष्ठ वकील असतात. पहिल्या बैठकीआधी ते जी तीन-चार पानं नीट वाचतात, तो हा सारांश.

म्हणून त्यात एकच साखळी दिसली पाहिजे: मागितलेला प्रत्येक रुपया कोणत्या नुकसानीचा, ते नुकसान कोणत्या दोषामुळे, तो दोष कराराच्या कोणत्या कलमाचा भंग, आणि हे सगळं कोणत्या फायलीच्या कोणत्या पानावर. साखळीचा एक दुवा सुटला की उलटतपासणीत प्रतिवादीचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो.

२. तथ्यं कुठून सुरू करायची? आमच्याकडे पाच वर्षांचा पत्रव्यवहार आहे.

पत्रव्यवहार बाजूला ठेवा. आधी एका कागदावर फक्त तारखा लिहा आणि प्रत्येक तारखेसमोर विचारा, 'ही नसती तर दावा पडला असता का?' उत्तर 'नाही' आलं तर ती तारीख मूळ निवेदनात जाईल, सारांशात नाही. उदाहरणातल्या गोदामाच्या तारखा गाळून एवढ्याच उरल्या:

८ नोव्हेंबर २०२१ ला सल्लागाराशी करार झाला. १७ डिसेंबर २०२१ ला माती अहवाल ईमेलने सल्लागाराकडे गेला. २५ फेब्रुवारी २०२२ ला फरशीचं ड्रॉइंग, एस-०४ रिव्हिजन बी, बांधकामासाठी म्हणून निघालं. मे २०२२ मध्ये फरशी ओतून झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये, पावसाळा सरताच, पहिले तडे दिसले. मे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये फरशीच्या उंचीच्या लेव्हल घेतल्या. जानेवारी ते जुलै २०२४ दुरुस्ती चालली. १८ नोव्हेंबर २०२४ ला लवादाची नोटीस सल्लागाराला मिळाली.

यातली सर्वात महत्त्वाची तारीख १७ डिसेंबर. माती अहवाल ड्रॉइंगच्या आधी सल्लागाराच्या हातात होता, हे सिद्ध करणारा तो एकच कागद. मी पाहिलेल्या अनेक निवेदनांत असा कागद कुठेतरी चाळिसाव्या परिच्छेदात पडलेला असतो आणि पहिली दोन पानं बैठकांमध्ये झालेल्या वादावादीने भरलेली असतात. ती वादावादी लवादाला काहीही सांगत नाही.

३. तडे गेले म्हणजे डिझाइन सदोष, एवढं पुरत नाही का?

नाही, आणि सारांश सगळ्यात जास्त इथेच फसतो. तडा हे लक्षण आहे. लवादाला दोष दाखवायचा, म्हणजे ड्रॉइंगमध्ये काय होतं, काय असायला हवं होतं आणि त्या फरकामुळे हे नुकसान कसं झालं, हे तिन्ही सांगायचं.

उदाहरणात माती अहवालाने काळ्या मातीचा 'फ्री स्वेल इंडेक्स' ७५ टक्के दिला होता. ही चाचणी आयएस २७२०, भाग ४० प्रमाणे होते आणि ती लवादाला थोडक्यात समजावता येते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली सुकी माती दहा-दहा ग्रॅम घेऊन दोन नळ्यांत टाकतात. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड पाणी. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती १२ मिलिलिटरवर बसली, पाण्यातली २१ वर. फरक ९, त्याला १२ ने भागलं की ७५ टक्के. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरशीखाली पावसाळ्यात हेच घडलं.

अहवालाने सुचवलं होतं की एक मीटर काळी माती काढून तिथे न फुगणारी चिकण माती दाबून भरावी. ही 'सीएनएस' थराची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांच्या संशोधनातून आली, आणि काळ्या मातीवर काम करणाऱ्या इंजिनीअरला ती नवी नाही. ड्रॉइंगमध्ये मात्र ३०० मिलिमीटर मुरूम दाखवला होता, तोही मूळ काळ्या मातीवरच.

तिसरा दुवा, म्हणजे कारण, लेव्हलने जोडला. कॉलमचे फूटिंग अडीच मीटरवर कठीण मुरमात होते, त्यामुळे कॉलम हलले नाहीत. फरशी मात्र दोन कॉलमांच्या मध्ये मे २०२३ ला २१ मिलिमीटर उचललेली होती आणि त्याच वर्षी ऑक्टोबरला ३८. ऋतूबरोबर वर-खाली होणारी फरशी म्हणजे खालची माती फुगते आहे. निकृष्ट काँक्रीट ऋतू बघून हलत नाही.

सारांशात हे असं उतरलं; सी-३ वगैरे म्हणजे दावेदाराच्या पुराव्याच्या कागदांचे क्रमांक:

> 'माती अहवालाने (सी-३, पान १४) एक मीटर माती बदलण्याची शिफारस केली असताना ड्रॉइंग एस-०४ (सी-५) मध्ये ३०० मिमी मुरूम दाखवला गेला. पावसाळ्यात खालची माती फुगून फरशी ३८ मिमीपर्यंत उचलली (सी-९, तक्ता २). कॉलम स्थिर राहिले (सी-९, तक्ता ३).'

तीन वाक्यं, चार दाखले. विशेषणांची गरज पडली नाही.

४. सल्लागार म्हणतो कंत्राटदाराचं काम निकृष्ट होतं. सारांशात कंत्राटदारावर लिहायचं का?

त्याचं काम तपासलं आणि ते कारण ठरलं नाही, एवढंच लिहायचं, आणि त्यामागे चाचणी हवी. एम-२५ काँक्रीटच्या फरशीतून कोअर काढा. आयएस ४५६ प्रमाणे कोअरच्या समतुल्य घन-ताकदीची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्क्यांहून, म्हणजे २१.२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरहून कमी नको, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली, म्हणजे १८.७५ खाली नको. उदाहरणात सरासरी २६.४ आणि सर्वात कमी २३.९ आली. काँक्रीटची ताकद वादातून बाहेर गेली.

मुरमाचा थर कमी दाबला होता, असंही सल्लागार म्हणेल. फरशी खचली असती तर तो मुद्दा जड गेला असता. इथे ती वर आली आहे, आणि कमी दाबलेला मुरूम फरशीला वर ढकलू शकत नाही. हे वाक्य सारांशात जरूर ठेवा.

सल्लागार आणि कंत्राटदार यांचे करार वेगळे असतील तर दोघांना एकाच लवादात आपोआप ओढता येत नाही. दोघांचा वाटा असेल तर दोघांना वेगळ्या नोटिसा वेळेत द्या. मुदतीचं गणित प्रश्न १० मध्ये आहे.

५. कराराचा आधार म्हणजे नेमकं कोणतं कलम? आमच्या करारात फक्त 'योग्य कौशल्याने काम करेन' एवढंच आहे.

डिझाइनची जबाबदारी दोन प्रकारची असते आणि कोणत्या प्रकारची मागताय हे सारांशाच्या पहिल्या पानावर स्पष्ट हवं. पहिला प्रकार वाजवी कौशल्य व काळजी घेण्याचा. यात निकाल बिघडला एवढ्याने भागत नाही, सक्षम सल्लागाराने असं ड्रॉइंग काढलं नसतं हे दाखवावं लागतं. दुसरा प्रकार हेतूला योग्य ठरण्याचा, जो डिझाइन-अँड-बिल्ड किंवा टर्नकी करारांत बरेचदा असतो. तिथे काळजी घेतली होती हा बचाव चालत नाही.

तुमचा करार पहिल्या प्रकारचा असला तरी तांत्रिक परिशिष्टं शेवटच्या पानापर्यंत वाचा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकालात काढलेला रॉबिन रिग पवनचक्क्यांचा वाद याचाच होता. पायांच्या जोडांच्या मानकातल्या एका सूत्रात सुमारे दहापट चूक होती, कंत्राटदाराने ते मानक पाळूनच डिझाइन केलं, आणि तरीही त्याच्यावर जबाबदारी आली. कारण तांत्रिक गरजांच्या कागदात आत कुठेतरी लिहिलं होतं की पायाचं डिझाइन वीस वर्षं टिकेल असं असावं. परदेशी निकाल आपल्या लवादावर बंधनकारक नाही, पण असं कलम कुठे शोधायचं हे त्यावरून कळतं.

उदाहरणातल्या मालकाला असंच कलम मिळालं. मुख्य करारात कलम ५.१ ला 'वाजवी कौशल्य' होतं, पण परिशिष्ट 'ब' मध्ये लिहिलं होतं की फरशीचं डिझाइन माती अहवालाच्या शिफारशींनुसार असेल. सल्लागार किती काळजीपूर्वक वागला हा वादच मागे पडला. शिफारस एक मीटरची होती, ड्रॉइंग ३०० मिलिमीटरचं. सारांशात आधी परिशिष्ट 'ब' मांडा, पर्यायी आधार म्हणून ५.१ ठेवा.

६. ड्रॉइंगवर आमचीच 'मंजूर' अशी सही आहे. दावा संपला का?

बहुतेक वेळा नाही. मालकाची मंजुरी खोल्या, मांडणी आणि खर्चाला असते. त्याने हिशोब तपासला असा तिचा अर्थ होत नाही, आणि बऱ्याच करारांत मंजुरीमुळे सल्लागाराची जबाबदारी कमी होत नाही असं कलमही असतं. ते असेल तर उद्धृत करा.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. खर्च वाचवण्यासाठी मालकानेच 'एक मीटर नको, मुरमावर भागवा' असं लिहिलं असेल आणि सल्लागाराने लेखी इशारा देऊन ते केलं असेल, तर दावा खरोखर अडचणीत आहे. असा कागद असेल तर वकिलाला आधी दाखवा. तो समोरच्याकडून बाहेर आला तर बाकीच्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही जातो.

७. रक्कम कशी मांडायची? सगळा खर्च एकत्र मागितला तर चालेल ना?

एकत्र रक्कम मागू नका. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेलं, किंवा करार करताना दोघांना माहीत असलेलं नुकसान मिळतं. दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. म्हणून प्रत्येक रकमेचं शीर्षक वेगळं आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा. उदाहरणातला हिशोब असा:

तपासणीचा खर्च ६.२० लाख. दुरुस्ती, १,४४० चौरस मीटर गुणिले ३,१०० रुपये, म्हणजे ४४.६४ लाख. यातून वजावट ८.९३ लाख. सात महिन्यांचं बुडालेलं भाडं, महिना १.९० लाखांनी, १३.३० लाख. एकूण ५५.२१ लाख.

या वजावटीवर लोक हमखास अडतात. डिझाइन सुरुवातीलाच बरोबर असतं तर एक मीटर सीएनएस थराचा जादा खर्च मालकानेच केला असता, चौरस मीटरला सुमारे ६२० रुपये. चुकीमुळे त्याला तो थर फुकट मिळू नये. प्रतिवादी हे मांडणारच. तुम्ही स्वतः वजा करून दाखवलंत की बाकीचा आकडा जास्त पक्का वाटतो. दुरुस्तीत जादा जाडीची फरशी किंवा महाग फिनिश घेतलं असेल तर तेही वेगळं काढा. बिलांवरच्या जीएसटीची क्रेडिट घेतली असेल तर तेवढी रक्कम मागता येत नाही. त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र जोडा.

भाड्यासाठी 'गोदाम रिकामं होतं' हे पुरत नाही. गोदाम भाड्याने देण्यासाठी आहे हे सल्लागाराला करारावेळी माहीत होतं (कामाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलं होतं), भाडेकरू होता, आणि त्याने फरशीमुळे जागा सोडली, हे तिन्ही कागदांनी दाखवा. नुकसान कमी करण्यासाठी उपलब्ध असलेली साधनं वापरली का, हेही कलम ७३च्या स्पष्टीकरणाप्रमाणे बघितलं जातं. म्हणून दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करून उरलेला भाग भाड्याने देता आला असता का, याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

व्याज वेगळं मागा. कलम ३१(७) प्रमाणे निवाड्यापूर्वीचं व्याज लवाद देऊ शकतो, पण करारात व्याजाला मनाई असेल तर नाही.

८. दुरुस्ती अजून केलेली नाही. अंदाजपत्रकावर दावा करता येतो का?

करता येतो, पण लवाद कसून तपासतात. तीन स्वतंत्र कोटेशन आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी तुलना जोडा. दुरुस्ती का थांबली याचं कारणही द्या. पैसे नव्हते हे कारण असेल तर बँकेचे कागद लावा.

९. करारात सल्लागाराची जबाबदारी फीएवढीच आहे. फी १८ लाख, दावा ५५ लाख.

हे कलम सारांशात तुम्हीच मांडा. त्यातले अपवाद वाचा, घोर निष्काळजीपणा किंवा हेतुपुरस्सर भंग वगळलेला असतो का. अपवाद असेल तर कोणत्या तथ्यांवर तो लागू होतो ते दोन ओळींत लिहा. उदाहरणात हातात असलेल्या शिफारशीकडे दुर्लक्ष हे ते तथ्य. अपवाद नसेल, तर पूर्ण रक्कम मागून पर्यायी दाद म्हणून मर्यादेइतकी रक्कम मागा. नाहीतर १८ लाखांवरही वाद घालण्याची वेळ येते.

१०. तडे दिसल्यापासून तीन वर्षं मोजायची ना?

नाही. या एका गैरसमजामुळे चांगले दावे पडताना मी पाहिले आहेत. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५५ प्रमाणे करारभंगासाठी तीन वर्षं भंग झाल्यापासून मोजली जातात. नुकसान दिसण्याशी त्याचा संबंध नाही. उदाहरणात भंग म्हणजे चुकीचं ड्रॉइंग निघालं तो दिवस, २५ फेब्रुवारी २०२२. म्हणजे मुदत फेब्रुवारी २०२५ पर्यंत. मालकाने तडे दिसल्यापासून मोजून ऑक्टोबर २०२५ ला नोटीस दिली असती तर दावा उशिरा ठरण्याचा मोठा धोका होता.

सल्लागाराने चूक मुद्दाम लपवली असेल तर मुदत कायद्याच्याच कलम १७ खाली मुदत पुढे सरकते, आणि देखरेखीची जबाबदारी असेल तर नंतरचाही भंग दाखवता येतो. पण दावा अशा पर्यायांवर उभा करू नका. मुदत थांबते ती समोरच्याला लवादाची नोटीस मिळाल्याच्या दिवशी (लवाद कायद्याचं कलम २१), म्हणून पोहोच-पावती सारांशातच दाखवा.

११. भाड्याचं नुकसान नोटिशीत लिहायचं राहिलं. आता सारांशात घातलं तर?

घालता येतं. गोवा सरकार विरुद्ध प्रवीण एंटरप्रायझेस या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटिशीत नसलेल्या मागण्याही पुढे करता येतात, पण त्यांची मुदत नोटिशीच्या दिवशी थांबत नाही. ती मागणी प्रत्यक्ष मांडली गेली त्या तारखेशी तपासली जाते. म्हणून अशा मागणीचा स्वतंत्र परिच्छेद करा आणि तिची मुदत का शाबूत आहे ते तिथेच लिहा. निवेदन व उत्तर दोन्ही लवादाला नेमणुकीची लेखी सूचना मिळाल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण व्हायचं असतं (कलम २३(४)), तेव्हा दुरुस्तीला फार वेळ मिळत नाही.

१२. पुरावा सूची कशी लावायची? वकील म्हणतात फक्त तारखेने लावा.

फायली तारखेने लावा, सूचीत मात्र एक जादा रकाना ठेवा: 'हा कागद काय सिद्ध करतो'. बाकीचे रकाने क्रमांक, तारीख, कागद, पान आणि निवेदनातला परिच्छेद. उदाहरणातल्या दोन ओळी:

सी-४ | १७ डिसेंबर २०२१ | माती अहवाल जोडलेला ईमेल | पान ३१ | अहवाल ड्रॉइंगआधी सल्लागाराला मिळाला | परिच्छेद ९

सी-९ | ऑक्टोबर २०२३ | लेव्हल सर्व्हे | पान ८८ | फरशी उचलली, कॉलम स्थिर | परिच्छेद २२

हा रकाना भरताना हात अडला तर तो कागद बहुधा नकोच. उलटही तपासा. सारांशातल्या प्रत्येक वाक्यासमोर सी-क्रमांक आहे का? नसेल तर ते वाक्य साक्षीदाराने सिद्ध करायचं आहे, मग त्याचं नाव लिहा. रिव्हिजनच्या क्रमांकाकडे विशेष लक्ष द्या. रिव्हिजन ए जोडून बी वर युक्तिवाद केल्याने एक पूर्ण दिवस वाया गेलेला मी पाहिला आहे.

१३. ईमेल आणि व्हॉट्सॲपच्या प्रिंट चालतात का?

कलम १९ प्रमाणे लवादावर पुरावा कायदा बंधनकारक नाही. तरीही प्रतिवादीने नाकारलं तर अडचण नको, म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. मूळ फोन आणि मेलबॉक्स जपून ठेवा. स्क्रीनशॉट कापून जोडू नका, संपूर्ण संभाषण द्या.

१४. दुरुस्ती करताना जुनी फरशी आणि माती काढून टाकली. आता तज्ज्ञ काय बघणार?

उकरण्यापूर्वी सल्लागाराला लेखी तारीख कळवून बोलावलं होतं का, यावर सगळं ठरतं. तो आला नाही तरी नोटीस, पट्टी ठेवून काढलेले फोटो, थरांची मोजलेली जाडी, सीलबंद नमुने आणि उपस्थितांच्या सह्यांचा पंचनामा यांवर दावा उभा राहतो.

यातलं काहीच नसेल तर उरलेले मार्ग हे: न उकरलेल्या भागातून नवे नमुने घ्या (उदाहरणात २,४०० पैकी १,४४० चौरस मीटरच उकरलं होतं, म्हणजे ९६० चौरस मीटर अजून जागेवर आहे), खोदाईच्या ठेकेदाराची मोजमाप-वही आणि माती बाहेर नेल्याच्या ट्रकच्या पावत्या मिळवा, आणि त्या भागाच्या तपासणीसाठी लवादाकडे कलम १७ खाली अर्ज करा. लवाद अजून नेमला नसेल तर कलम ९ खाली न्यायालयात. सारांशात हे झाकू नका. 'बाधित भागाचे मूळ थर उपलब्ध नाहीत. लगतच्या ९६० चौ. मी. भागात तेच ड्रॉइंग व तीच माती असून तेथील नमुने सी-१५ मध्ये आहेत' असं सरळ लिहा.